परिषदेतला पेपर, प्रीप्रिंट आणि जर्नल: एकच संशोधन पुन्हा छापणं कधी चुकीचं ठरतं?

एखाद्या प्राध्यापकाच्या प्रोफाइलवर एकाच विषयाचे तीन पेपर दिसतात. शीर्षकं थोडी वेगळी, आकडे मात्र ओळखीचे वाटतात. खाली कुणीतरी कमेंट करतं, 'स्वतःचंच साहित्य कॉपी केलंय!' त्यावर दुसरं कुणी म्हणतं, 'स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वापरलं तर चोरी कसली?' खरं तर प्रोफाइलवर दिसणाऱ्या यादीवरून यातलं कुणाचं बरोबर आहे, हे ठरवताच येत नाही. तीन पेपर तीन वेगळ्या ठिकाणी असणं पूर्णपणे नियमात बसू शकतं. आणि एकमेकांशी एकही वाक्य न जुळणारे दोन पेपर दुबार प्रकाशन ठरू शकतात.

फरक नेमका कुठे पडतो, हे समजून घेण्यासाठी रायगड जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊया. उदाहरण काल्पनिक आहे, नदी खरी आहे.

कुंडलिकेचे ९६ नमुने

समजा, पेणच्या एका महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आणि रोह्याच्या दोन विद्यार्थिनी मिळून कुंडलिका नदीच्या पाण्याचा अभ्यास करतायत. कुंडलिका कोलाडकडून येते, धाटाव एमआयडीसीजवळून रोह्याला पोहोचते आणि पुढे रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. या पट्ट्यात त्यांनी ८ ठिकाणं निश्चित केली आहेत. दर महिन्याला प्रत्येक ठिकाणाहून एक बाटली भरायची आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, असं काम. हा ऑक्सिजन लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला, की तो नमुना 'कमी ऑक्सिजनचा' म्हणून नोंदवायचा.

फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत ३२ नमुने झाले. त्यातले १२ कमी ऑक्सिजनचे निघाले. ऑगस्टमध्ये जवळच्याच एका महाविद्यालयात राष्ट्रीय परिषद होती. तिथे त्यांनी या ३२ नमुन्यांवर सहा पानांचा पेपर वाचला. नमुने घेणं पुढे जानेवारीपर्यंत सुरूच राहिलं. वर्ष पूर्ण झालं तेव्हा ९६ नमुने हातात होते आणि त्यातले १८ कमी ऑक्सिजनचे होते. मार्चमध्ये त्यांनी संपूर्ण वर्षाचा सविस्तर लेख लिहिला, तो प्रीप्रिंट म्हणून ऑनलाइन टाकला आणि त्याच आठवड्यात एका जर्नलकडे पाठवला.

म्हणजे एकाच कामाची तीन रूपं झाली. यात काही गैर आहे का? अजून सांगता येत नाही. त्याआधी प्रत्येक रूपाचा दर्जा काय, ते पाहावं लागेल.

परिषदेत 'वाचला' की परिषदेत 'छापला'?

आपल्याकडच्या परिषदांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. परिषदेत पेपर वाचणं, पोस्टर लावणं किंवा स्मरणिकेत दहा-पंधरा ओळींचा गोषवारा येणं याला बहुतेक जर्नल आधीचं प्रकाशन मानत नाहीत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, म्हणजे आयसीएमजेई, हेच सांगते. फक्त ही माहिती संपादकाला द्यायला हवी.

पण महाविद्यालयांच्या परिषदांमध्ये अनेकदा गोष्ट गोषवाऱ्यावर थांबत नाही. नोंदणी शुल्कासोबत पूर्ण पेपर मागवला जातो आणि तो आयएसबीएन असलेल्या पुस्तकात छापला जातो. कधी तर एखाद्या जर्नलचा 'विशेषांक' काढून सगळे पेपर त्यात घातले जातात. पेपर देणाऱ्याला वाटतं, आपण तर फक्त परिषदेत पेपर वाचला. पिशवीत प्रमाणपत्र असतं, त्यावर 'सादर केला' असंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मात्र पेपर आयएसएसएन असलेल्या जर्नलमध्ये छापून झालेला असतो! मग तोच मजकूर दुसऱ्या जर्नलकडे गेला, तर परिषदेचा पेपर जर्नलकडे गेला असं होत नाही. एका जर्नलमध्ये छापलेला लेख दुसऱ्या जर्नलकडे गेला, असा त्याचा अर्थ होतो.

त्यामुळे प्रमाणपत्र बघून उपयोग नाही, संग्रह उघडून बघायला हवा. पूर्ण पेपर छापलाय का? त्याला आयएसबीएन, आयएसएसएन किंवा डीओआय आहे का? डीओआय म्हणजे प्रकाशनाला दिला जाणारा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक. आणि पेपर देताना कॉपीराइट हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही केली होती का? ही सही केली असेल तर शब्द स्वतःचे असले तरी छापण्याचा हक्क प्रकाशकाकडे गेलेला असतो. 'माझंच लिखाण आहे' हा मुद्दा तिथे चालत नाही, कारण कायद्याच्या भाषेत ते आता फक्त तुमचं उरलेलं नसतं.

यातही शाखेनुसार फरक पडतो. संगणकशास्त्रात परिषदेचा पेपर हेच अनेकदा अंतिम प्रकाशन असतं. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं आणि जर्नलइतकंच मानाचं. म्हणून त्या क्षेत्रात परिषदेचा पेपर वाढवून जर्नलला देण्याची रीतसर वाट आहे. एसीएम ही संगणकशास्त्राची जागतिक संघटना अशा वाढीव लेखात किमान २५ टक्के आशय नवा असावा, असं सांगते. काही जर्नल ३० टक्के मागतात. यातला 'आशय' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रस्तावना लांबवणं किंवा आलेख रंगीत करणं म्हणजे नवा आशय नव्हे.

प्रीप्रिंट म्हणजे 'आधी छापलं' असं नाही का?

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांची तपासणी होण्याआधी लेखकानेच सर्वांसाठी खुला केलेला लेख. याची सुरुवात भौतिकशास्त्रातून झाली. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग या शास्त्रज्ञाने आज 'आर्काइव्ह' (`arXiv`) म्हणून ओळखला जाणारा साठा सुरू केला. जीवशास्त्रासाठी `bioRxiv` २०१३ मध्ये आलं आणि वैद्यकशास्त्रासाठी `medRxiv` २०१९ मध्ये. पुढच्याच वर्षी कोरोना आला आणि प्रीप्रिंट हा शब्द थेट टीव्हीच्या बातम्यांत पोहोचला.

वैद्यकीय जर्नलांचा प्रीप्रिंटला पूर्वी कडवा विरोध होता. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक फ्रान्झ इंगलफिंगर यांनी १९६९ मध्ये नियम केला, की आधी दुसरीकडे प्रसिद्ध झालेलं काम आम्ही छापणार नाही. हा नियम 'इंगलफिंगर नियम' म्हणूनच ओळखला गेला. आज चित्र उलटं आहे. आयसीएमजेईच्या सध्याच्या शिफारशींनुसार प्रीप्रिंट टाकणं हे दुबार प्रकाशन ठरत नाही. तरी प्रत्येक जर्नलचं धोरण वेगळं असू शकतं, त्यामुळे लेख अपलोड करण्याआधी त्या जर्नलच्या साइटवर पाहून घेणं बरं.

प्रीप्रिंटला सूट का, हेही समजून घेण्यासारखं आहे. प्रीप्रिंट आणि जर्नलमधला लेख ही दोन प्रकाशनं मानली जात नाहीत. एकाच लेखाच्या दोन आवृत्त्या मानल्या जातात. ही सूट टिकवायची तर दोन्हींमध्ये दुवा दिसायला हवा. जर्नलला लेख पाठवताना प्रीप्रिंटचा डीओआय कळवायचा आणि लेख छापून आला की प्रीप्रिंटच्या पानावर जर्नलचा डीओआय द्यायचा. `arXiv` वर त्यासाठी `Journal reference` आणि `DOI` असे रकाने आहेत. `bioRxiv` वर छापून आलेल्या लेखाच्या पानावर `Now published in` अशी ओळ दिसते. हा दुवा असेल तर वाचणाऱ्याला कळतं की ९६ नमुन्यांचा अभ्यास एकच आहे, दोन नाहीत.

बायोडेटात प्रीप्रिंट आणि जर्नल लेख ही दोन वेगळी प्रकाशनं म्हणून दाखवली, की हीच सूट गैरवापरात बदलते. आणि तसं दाखवणारे आहेत.

एकच अभ्यास, दोन शेवट

आता कुंडलिकेकडे परत येऊ. समजा, जर्नलला लेख पाठवताना या तिघींनी सोबतच्या पत्रात असं लिहिलं:

'फेब्रुवारी ते मे या काळातल्या ३२ नमुन्यांचे निष्कर्ष आम्ही ऑगस्टमधल्या परिषदेत सादर केले होते. तो पेपर परिषदेच्या संग्रहात छापला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. प्रस्तुत लेखात ते ३२ नमुने समाविष्ट आहेत. जून ते जानेवारीचे ६४ नमुने नवे आहेत. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सोडण्याच्या वेळा आणि ऑक्सिजनचं प्रमाण यांचा संबंध या लेखात पहिल्यांदाच तपासला आहे. लेखाची प्रीप्रिंट आवृत्ती उपलब्ध असून तिचा डीओआय खाली दिला आहे.'

शिवाय लेखातही, पद्धतीच्या भागात, परिषदेच्या पेपरचा संदर्भ दिला. पहिल्या तक्त्यात ते ३२ नमुने तारांकित करून खाली टीप दिली. हे पूर्णपणे नियमात बसतं. नवी माहिती आहे आणि नवा प्रश्नही आहे. भिऱ्याहून येणाऱ्या पाण्यावर कुंडलिकेचा प्रवाह अवलंबून असतो. कोलाडचं राफ्टिंगही त्याच पाण्यावर चालतं. त्यामुळे हा प्रश्न उगाच चिकटवलेला नाही, तो उन्हाळ्यातल्या आकड्यांचा अर्थच बदलू शकतो. निर्णय काय द्यायचा तो संपादक देईल, पण त्याच्यापासून काही लपवलेलं नाही.

आता दुसरा शेवट. परिषदेनंतर लगेच, नवा एकही नमुना न मिळवता, तेच ३२ नमुने घेऊन दुसरा लेख तयार केला. शीर्षकात 'रोहा' काढून 'रायगडमधील औद्योगिक पट्टा' घातलं. लेखकांच्या नावांचा क्रम बदलला. प्रत्येक वाक्य नव्याने लिहिलं. तक्त्याचा आलेख केला. परिषदेच्या पेपरचा उल्लेख कुठेच नाही. साहित्य जुळणी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर उत्तर आलं ६ टक्के.

आणि पहिल्या, प्रामाणिक लेखाचं काय? तो प्रीप्रिंटशी ९० टक्क्यांहून जास्त जुळला, कारण तो मजकूर तोच आहे.

६ टक्केवाला लेख दुबार प्रकाशन आहे आणि ९० टक्केवाला नाही. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, नमुने जुळवत नाही. त्याला तक्ता आणि आलेख एकाच बाटलीतल्या पाण्याचे आहेत हे कळत नाही. 'माझा रिपोर्ट १० टक्क्यांच्या खाली आहे' असं अभिमानाने दाखवणाऱ्यांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

जर्नलांच्या संपादकांना मार्गदर्शन करणारी 'कोप' ही आंतरराष्ट्रीय संस्था हीच कसोटी लावते. तिच्या मते मोठी पुनरावृत्ती म्हणजे तीच माहिती आणि तेच किंवा जवळपास तेच निष्कर्ष. किंवा लपवण्याचा पुरावा, म्हणजे शीर्षक बदलणं, लेखकांचा क्रम फिरवणं, आधीच्या पेपरचा संदर्भ न देणं. आपल्या काल्पनिक लेखात हे सगळंच आहे. अशी गोष्ट छापून आल्यावर उघड झाली, तर साधारणपणे नंतर छापणारं जर्नल आपला लेख मागे घेतं. आधीचा पेपर जागेवर राहतो, कारण त्यातली माहिती खोटी नसते.

मग पद्धतीचा परिच्छेद, म्हणजे बाटल्या कशा धुतल्या, ऑक्सिजन कसा मोजला, हा दोन्हीकडे तोच असला तर? एकच पद्धत दरवेळी वेगळ्या शब्दांत सांगण्याचा अट्टहास केला तर उलट चुका होतात. संदर्भ देऊन तेवढा भाग जवळपास तसाच ठेवणं बहुतेक संपादक समजून घेतात. निष्कर्ष आणि चर्चेचा भाग तसाच आला, तर मात्र नाही.

पण यात नुकसान कुणाचं?

'एकच पेपर दोनदा छापला तर कुणाचं काय बिघडलं?' हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर आकड्यांत आहे.

समजा, उद्या कुणी रायगडमधल्या नद्यांवरचे सगळे अभ्यास एकत्र करून अहवाल तयार केला. पूर्ण वर्षाच्या लेखात ९६ पैकी १८ नमुने कमी ऑक्सिजनचे, म्हणजे सुमारे १९ टक्के. पण परिषदेचा पेपर हा वेगळा अभ्यास आहे असं समजून त्याचे ३२ पैकी १२ नमुनेही त्यात मिळवले, तर १२८ पैकी ३० होतात. म्हणजे २३ टक्के. नदी कागदावर जास्त बिघडली आणि पाण्यात काहीच बदललं नाही. उन्हाळ्यातले नमुने दोनदा मोजले गेले, एवढंच घडलं. याच्या उलटही होऊ शकतं. पावसाळ्यातले नमुने दोनदा मोजले गेले असते, तर नदी कागदावर स्वच्छ दिसली असती.

औषधांच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडलेलं आहे. ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीवरची गोळी आपल्याकडे घराघरात माहीत आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर ती किती चालते, याचे प्रसिद्ध झालेले अहवाल मार्टिन ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तपासले. त्यातले १७ टक्के अहवाल आधीच्या अहवालांची पुनरावृत्ती होती आणि २८ टक्के रुग्णांची माहिती पुन्हा आलेली होती. मूळ अहवालाचा उल्लेख त्यांपैकी कुणीच केला नव्हता. ज्या चाचण्यांत औषधाचा परिणाम जास्त दिसला, त्याच पुन्हा छापल्या जाण्याकडे कल होता. या पुनरावृत्ती हिशेबात धरल्या तर औषधाचा परिणाम २३ टक्क्यांनी जास्त भासत होता.

औषध खोटं नव्हतं, चाचण्याही खोट्या नव्हत्या. तेच रुग्ण पुन्हा मोजले जात होते आणि ते ओळखण्याची कुठलीही खूण लेखांत नव्हती.

यूजीसी काय म्हणते?

भारतातल्या प्राध्यापकांसाठी यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली. स्वतःचंच आधी प्रसिद्ध झालेलं काम, पुरेसा संदर्भ न देता आणि नवं म्हणून दाखवून, शैक्षणिक फायद्यासाठी पुन्हा वापरणं मान्य नाही, असं त्यात म्हटलं आहे. तोच पेपर दुसरीकडे छापणं, आधी वापरलेली माहिती संदर्भाशिवाय पुन्हा वापरणं आणि एका मोठ्या अभ्यासाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा नवा म्हणून छापणं, या सगळ्यांचा त्यात उल्लेख आहे. कुंडलिकेच्या उदाहरणात त्याच बाटल्यांमधला ऑक्सिजन एका पेपरमध्ये आणि आम्लता दुसऱ्या पेपरमध्ये, एकमेकांचा उल्लेख न करता दिली, तर तो याच शेवटच्या प्रकारात मोडेल.

या सूचनेत सगळीकडे अट एकच येते, ती म्हणजे संदर्भ न देणं. त्यामुळे आधीच्या कामाचा पूर्ण उल्लेख असेल तर पुढचा पेपर आपोआप दोषी ठरत नाही. अर्थात, उल्लेख केला म्हणून तो छापण्याजोगा नवा होतो असंही नाही. नवं काही नसेल तर संपादक तो सरळ परत पाठवेल, पण परत आलेला पेपर आणि मागे घेतलेला पेपर यांत फार फरक आहे.

टक्केवारीचं वेड आलं ते यूजीसीच्याच २०१८ च्या नियमांमधून. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. ६० टक्क्यांच्या वर साम्य आढळलं तर लेख मागे घ्यावा लागतो, शिवाय दोन वार्षिक वेतनवाढी आणि तीन वर्षं नवे संशोधन विद्यार्थी घेण्याचा हक्क जाऊ शकतो. हे नियम मजकुराच्या साम्यासाठी आहेत. नमुने दोनदा मोजले गेले का, हे त्या टक्क्यांतून कळत नाही.

लोक हे करतात तरी का? २०१६ च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध देण्याआधी जर्नलमध्ये एक पेपर आणि परिषदांमध्ये दोन पेपर सादर करणं सक्तीचं होतं. तीन वर्षांच्या एका कामातून तीन नोंदी काढायच्या, हा हिशेब नियमानेच शिकवला. २०२२ च्या नियमांत ही सक्ती काढली गेली. प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी मात्र पेपर मोजले जातातच. गंमत म्हणजे २०१८ च्या यूजीसी गुणतक्त्यातच म्हटलंय, की परिषदेत सादर केलेला पेपर संपादित पुस्तकात किंवा संग्रहात आला असेल तर त्याचा दावा एकदाच करता येईल. म्हणजे मोजणी दुबार होते हे तक्ता बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

प्रोफाइलवर संशय आला तर काय बघायचं?

आधी तारखा आणि डीओआय बघा. दोनपैकी एक प्रीप्रिंट असेल आणि दोघांमध्ये दुवा असेल, तर विषय तिथेच संपतो. दोन्ही छापील प्रकाशनं असतील, तर नंतरच्या पेपरच्या संदर्भसूचीत आधीचा पेपर शोधा. तो सापडला तर त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. सापडला नाही तर नमुन्यांची संख्या, ठिकाणं आणि महिने जुळवा. ३२ नमुने, ८ ठिकाणं, फेब्रुवारी ते मे हे तिन्ही दोन्हीकडे तेच असेल आणि सरासरी दशांशापर्यंत जुळत असेल, तर तो योगायोग नसतो.

`arXiv` वर कधी कधी पेपरखाली `text overlap with` अशी प्रशासकांची टीप दिसते. तिचा स्क्रीनशॉट 'चोरी पकडली' म्हणून फिरवला जातो. ती टीप फक्त मजकूर जुळतो एवढंच सांगते, आणि तो जुळणारा मजकूर त्याच लेखकांच्या परिषदेच्या पेपरचाही असू शकतो.

खरंच दुबार प्रकाशन वाटलं, तर ते कळवण्याची जागा म्हणजे नंतरच्या जर्नलचा संपादक. दोन्ही पेपरचे डीओआय, जुळणारे तक्ते आणि पानांचे क्रमांक एवढं पाठवलं तरी पुरतं. लेखकाला उत्तर द्यायची संधी संपादक देतोच. कधी कधी त्या उत्तरात, परिषदेच्या आयोजकांनी लेखकाला न विचारताच पेपर विशेषांकात छापल्याचं पुढे येतं.